लॉफ्ट बेडसाठी छत किमान किती उंच हवं?

प्रश्न: माझी खोली 10 बाय 10 आहे. फरशीपासून छत 9 फूट 2 इंच. एका भिंतीला लागून बीम आहे, तो छतापासून 12 इंच खाली येतो. मधोमध पंखा आहे. वर एकट्यापुरता पलंग आणि खाली कामाचं टेबल असा लॉफ्ट बेड करायचा आहे. जमलं तर खाली ताठ उभंही राहता यावं. माझी उंची 5 फूट 8 इंच, बहिणीची 5 फूट 2 इंच, खोली दोघं वापरतो. छताची किमान उंची किती लागते? पोटमाळाच करून घेतला तर बरं पडेल का?

उत्तर:

वर ताठ बसणं आणि खाली ताठ उभं राहणं, या दोन्ही गोष्टी 9 फूट 2 इंचांत बसत नाहीत. वर ताठ बसणं आणि खाली टेबलाशी बसून काम करणं मात्र सहज बसतं, चार-पाच इंच उरतातसुद्धा. त्या उरलेल्या इंचांचं काय करायचं, यातच सगळी मेख आहे. बहुतेक जण ते चुकीच्या ठिकाणी घालतात.

हिशोब चार थरांचा असतो. खालची मोकळी जागा, पलंगाच्या चौकटीची जाडी, गादीची जाडी आणि गादीपासून छतापर्यंतची मोकळी जागा. छताची एकच ‘किमान’ उंची सांगता येत नाही, कारण पहिला आणि चौथा थर वापरणाऱ्याच्या शरीरावर ठरतो.

वरपासून सुरुवात करू. माणूस ताठ बसला की बसल्या जागेपासून डोक्यापर्यंतची उंची त्याच्या एकूण उंचीच्या साधारण 52 टक्के भरते. तुमचे 68 इंच, म्हणजे बसल्यावर सुमारे साडेपस्तीस. गादी बसल्यावर इंचभर दबते, तेवढा फायदा मिळतो. डोक्यावर दोन-अडीच इंच तरी मोकळे हवेत, नाहीतर प्रत्येक वेळी उठताना माणूस नकळत मान आखडून घेतो. म्हणून न दबलेल्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून छतापर्यंत 37 इंच ही तुमची किमान मर्यादा धरा. तुमच्याहून उंच कोणी झोपणार असेल, तर उंचीच्या प्रत्येक जास्तीच्या दोन इंचांमागे इथे एक इंच वाढवा.

या 37 इंचांत तडजोड करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. ‘वर फक्त झोपायचंच आहे, 30 इंच पुरे’ असा विचार करून केलेले पलंग वर्षभरात सामान ठेवायची फळी झालेले मी पाहिले आहेत. झोपेतून उठताना माणूस आधी बसतो. पाणी पिताना, पांघरूण सारखं करताना, रात्री अंधारात शिडी शोधताना तो बसलेलाच असतो. तिथे जागा कमी पडली की कोपरावर रेलून सरपटत शिडीपर्यंत जावं लागतं, आणि पडायचा धोका नेमका तेव्हाच असतो. वरची उंची अपुरी असल्याची खूण छतावर दिसते. उशीच्या वर, रंगावर डोकं घासून काळपट डाग पडलेला असतो.

आता खालची बाजू. ताठ उभं राहून वावरायचं, तर तुमचे 68 इंच, चपलेचा एक, चालताना डोकं वर-खाली होतं त्याचे दोन आणि निर्धास्तपणाचे तीन असे 74 इंच, म्हणजे 6 फूट 2 इंच लागतात. त्यावर चौकट 4 इंच, गादी 5 इंच आणि वरचे 37. बेरीज 120 इंच, बरोबर 10 फूट. तुमच्याकडे 110 आहेत. हे दहा इंच कुठून तरी ओरबाडून काढायचा मोह होतो. चौकट बारीक करू, गादी पातळ घेऊ, वरचे 34 करू, खाली जरा वाकून चालू, असं ठरवलं जातं. असा पलंग कागदावर बसतो, पण वरही त्रास देतो आणि खालीही.

टेबलाशी बसूनच काम करायचं ठरवलं की चित्र बदलतं. खुर्चीची बैठक 18 इंच, त्यावर तुमचे साडेपस्तीस, म्हणजे डोकं साडेत्रेपन्न इंचांवर. त्यावर साडेपाच इंच मोकळे सोडले की 59. पुन्हा 4, 5 आणि 37 मिळवा, 105 झाले. म्हणजे पावणेनऊ फूट. तुमच्याकडे पाच इंच जास्त आहेत.

तुमच्या उंचीच्या माणसासाठी ढोबळ उंबरठे असे लक्षात ठेवा. 10 फूट छत असेल तर खाली उभं आणि वर बसतं. पावणेनऊ फुटांत खाली बसतं आणि वर बसतं. 8 फुटांच्या छताखाली वरचे थर जाऊन पलंगाखाली 50 इंच उरतात. तिथे कपाटं, खोके, फार तर लहान मुलाचं टेबल मावतं, मोठ्या माणसाची काम करायची जागा होत नाही.

तुमचे पाच इंच कुठे घालायचे? बहुतेक सुतार ते खाली घालतील, म्हणजे 59 ऐवजी 64. ‘जितकं उंच तितकं मोकळं’ असं वाटतं खरं. पण 64 इंच ही तुमच्यासाठी सर्वांत वाईट उंची आहे. माणसाचे डोळे डोक्याच्या टोकापासून साधारण साडेचार इंच खाली असतात. तुमचे डोळे साडेत्रेसष्टच्या आसपास, टाळू 68 वर. पलंगाच्या पुढच्या दांडीची खालची कड या दोन रेषांमध्ये आली, की ती नजरेच्या जरा वर राहते, खाली किंवा समोर बघत चालताना लक्षात येत नाही आणि कपाळाला लागते. कड टाळूच्या बरीच वर असेल तर प्रश्नच नाही. दांडी डोळ्यांच्या समोर किंवा खाली असेल तरीही ठीक, कारण ती दिसते आणि माणूस आपोआप वाकतो. मधला पट्टा तेवढा टाळायचा.

तुमच्या बहिणीसाठी हा पट्टा साडेसत्तावन्न ते 62 असा आहे. म्हणजे 59 वर तुम्ही सुटता, पण ती सापडते. दोघांनाही सोडवायचं तर कड खाली आणावी लागते. 56 इंचांवर आणली आणि दांडी सव्वातीन इंच उंचीची असली, की ती 56 ते सव्वाएकोणसाठ या पट्ट्यात येते. ती बहिणीच्या अगदी डोळ्यांसमोर आणि तुमच्या डोळ्यांच्या खाली राहते. दोघांनाही ती दिसणार.

पण 56 वर आणल्यावर टेबलाशी बसणाऱ्याच्या डोक्यावर अडीचच इंच उरतात. म्हणून टेबल भिंतीला चिकटवायचं नाही. मला या उत्तरात सर्वांत जास्त हेच पटवायचं आहे. 3 फुटी गादी आणि दोन्ही बाजूंची दांडी धरून पलंगाची रुंदी सुमारे 39 इंच होते. 24 इंच खोल टेबल भिंतीला लावलं, तर बसणाऱ्याचं डोकं भिंतीपासून 31 इंचांवर, म्हणजे पलंगाच्या आत येतं. खुर्चीवरून उठताना माणूस सरळ वर जात नाही. आधी पुढे झुकतो, मग वर येतो. डोकं आत असेल तर ते वर येताना चौकटीला धडकतंच, मग खाली 59 असोत की 64.

त्याऐवजी भिंतीला लागून 16 इंच खोलीचं शेल्फ करा आणि टेबल त्याच्या पुढे ठेवा. टेबलाची पुढची कड भिंतीपासून 40 इंचांवर येते, पलंगाच्या कडेच्या एक इंच बाहेर. बसणाऱ्याचं डोकं त्याच्याही सात-आठ इंच मागे, म्हणजे उघड्या छताखाली. पलंगाखाली उरतात टेबल, मॉनिटर आणि पुस्तकं. त्यांना 56 इंच भरपूर होतात. टेबल 30 इंच उंच धरलं तरी त्यावर 26 इंच मोकळे आहेत. लिहिताना पुढे झुकलात तर डोकं दांडीखालून सहज जातं. उठताना मात्र खुर्ची मागे सरकवायची सवय लावावी लागेल, म्हणून तिच्यामागे अडीच फूट मोकळे ठेवा. पलंगाची सावली टेबलावर पडणार, तेव्हा चौकटीखाली दिव्याची पट्टी आधीच धरा.

चौकटीच्या जाडीत अजून थोडे इंच वाचतात. साधी पद्धत म्हणजे कडेच्या दांड्यांवर प्लाय टाकायचा आणि त्यावर गादी. त्यात दांडीची पूर्ण जाडी आणि प्लायची जाडी अशी 4 इंच जातात. त्याऐवजी 80 मिमी उंचीच्या कडेच्या दांड्यांच्या आत, तळाशी समपातळीत 25 मिमीच्या आडव्या नळ्या साधारण दीड-दीड फुटावर लावून घ्या आणि त्यावर 18 मिमी प्लाय ठेवा. मग खालच्या कडेपासून गादीच्या तळापर्यंत 43 मिमी, म्हणजे पावणेदोन इंचच लागतात. दांडी तेवढीच मजबूत राहते, गादी दीड इंच आत बसते आणि सरकतही नाही. प्लायला भोकं पाडून घ्या किंवा फटी सोडून पट्ट्या वापरा, नाहीतर गादीच्या पोटाला दमटपणा धरतो.

आता तुमची बेरीज नव्याने. खाली 56, चौकट पावणेदोन, गादी 5. गादीचा माथा पावणेत्रेसष्ट इंचांवर येतो. 110 मधून तो वजा केला की वर सव्वासत्तेचाळीस इंच मोकळे मिळतात, जवळजवळ चार फूट. किमान 37 हवे होते. या दहा इंचांनी फार फरक पडतो. गुडघ्यांवर चालत पांघरूण घालता येतं, गरम हवा छताशी साठते तिच्यापासून डोकं जरा लांब राहतं, आणि शिडीही लहान होते.

बीमची गोष्ट इथेच सोडवून टाकू. बीमखाली एकूण 98 इंच आहेत, म्हणजे गादीच्या वर तिथे सव्वापस्तीस. ताठ बसायला हे कमी, पायांसाठी मात्र भरपूर. त्यामुळे बीम असलेल्या भिंतीकडे पाय करायचे आणि उशी दुसऱ्या टोकाला. शिडीसुद्धा बीमखाली नको. चढणारा माणूस शेवटच्या पायरीवरून गादीवर येताना हात-पाय टेकून आत सरकतो, त्या क्षणी त्याचं लक्ष खाली असतं आणि डोकं वर उचललेलं असतं. पुष्कळ ठिकाणी झोपायची उंची नीट मोजलेली असते, पण शिडीच्या तोंडाशी कोणी टेप लावलेला नसतो.

म्हणून शिडी उशीकडच्या टोकाला घ्या. पलंगाची लांबी सुमारे साडेसहा फूट, भिंत 10 फूट, म्हणजे शिडीला साडेतीन फूट उरतात. गादीचा माथा 63 इंचांवर असताना 70 अंशांत कललेली शिडी जमिनीवर 23 इंच जागा घेते, त्यामुळे ती आरामात बसते. कठड्यात शिडीसाठी 18 इंच रुंदीची वाट सोडा, ती बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे उशी भिंतीकडच्या अर्ध्यात राहील आणि चढताना उशीवर गुडघा पडणार नाही.

पंख्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण तुमच्या खोलीत तोच सर्वांत गंभीर धोका आहे. छताला टांगलेल्या पंख्याची पाती साधारण फूटभर खाली असतात, म्हणजे जमिनीपासून 98 इंचांवर. तुम्ही गादीवर ताठ बसलात की डोकं सव्वासत्त्याण्णव इंचांवर येतं, म्हणजे पात्यांच्या जवळजवळ बरोबरीने. आता आडवं अंतर बघा. पंखा मधोमध, भिंतीपासून 60 इंचांवर. 48 इंच व्यासाच्या पंख्याच्या पात्याचं टोक भिंतीपासून 36 इंचांवर फिरतं आणि पलंगाची कड आहे 39 वर. पातं पलंगाच्या तीन इंच आत फिरणार. पलंगाच्या कडेपासून पात्याचं टोक किमान तीन फूट लांब हवं, कारण झोपेत पसरलेला किंवा चादर झटकणारा हात तेवढा बाहेर जातो. 10 बाय 10 च्या खोलीत छताचा पंखा सरकवूनही हे अंतर नीट मिळत नाही. तो काढा आणि समोरच्या भिंतीवर जाळीचा पंखा लावा. पलंग बसवून झाल्यावर नव्हे, आधी.

गादी निवडताना जाडीची मर्यादा लिहून ठेवा. पाच इंचांच्या हिशोबावर आठ इंची गादी आणली, तर वरची मोकळी जागा तीन इंचांनी घटते. तुमच्याकडे ती आहे, पण कठडाही तीन इंचांनी बुटका होतो आणि ते जास्त वाईट. वरच्या पलंगाच्या कठड्यासाठी अमेरिकेतला बंक बेडचा नियम गादीच्या वर किमान 5 इंच मागतो, युरोपीय मानक 160 मिमी, म्हणजे सव्वासहा इंचांच्या आसपास. हे अगदी किमान आकडे आहेत. मोठ्या माणसासाठी मी गादीच्या वर 10 इंच धरतो, म्हणजे झोपेत कूस बदलताना खांदा कठड्याला अडतो. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, कठडा कितीही उंच असला तरी.

ऑर्डर देण्याआधी एक संध्याकाळ एवढं करून बघा. छताची उंची चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. फरशीला उतार असतो, प्लास्टर सगळीकडे सारखं नसतं, इंचभराचा फरक सर्रास निघतो. नवी फरशी किंवा फॉल्स सीलिंग करायचं मनात असेल तर तेही वजा करा. मग गादी जमिनीवर टाका आणि तिच्या माथ्यापासून 47 इंचांवर दोन भिंतींमध्ये सुतळी ताणा. गादीवर झोपा, उठून बसा, चादर घाला, डोक्यातून सदरा काढून बघा. पायाच्या टोकाला बीमच्या जागी 35 इंचांवर दुसरी सुतळी बांधा. नंतर गादी उचलून 56 इंचांवर, भिंतीपासून 39 इंच अंतरावर सुतळी ताणा, टेबल-खुर्ची ठरल्याप्रमाणे मांडा आणि दोघंही अर्धा तास त्या खोलीत नेहमीसारखे वावरा. सुतळी कपाळाला लागली, तर कड इंच-दोन इंच वर-खाली करून पुन्हा बघा. लोखंड कापल्यावर हे करता येत नाही.

पोटमाळ्याबद्दल. पलंग हे फर्निचर असतं, पोटमाळा हे बांधकाम. खाली-वर दोन्हीकडे उभं राहता येईल असा खरा पोटमाळा हवा, तर प्रत्येक मजल्याला साडेसहा-पावणेसात फूट आणि मधल्या फ्लोअरला सात-आठ इंच धरून 14 फुटांच्या आसपास छत लागतं. 400 चौरस फुटांपर्यंतच्या चिमुकल्या घरांसाठी अमेरिकेच्या आदर्श नियमावलीत सवलत दिलेली आहे, तरी तीसुद्धा वावरायच्या जागेला 6 फूट 8 इंच मागते. झोपायच्या माळ्याला ती किमान 35 चौरस फूट क्षेत्र आणि कुठल्याही दिशेने किमान 5 फूट मागते. तुमच्या 9 फूट 2 इंचांत पोटमाळा घातला, तर खाली सव्वासहा फूट ठेवल्यावर फ्लोअर आणि गादी वजा जाऊन वर दोन फूटच उरतात. तिथे झोपणारा उठून बसू शकत नाही. शिवाय त्याचं वजन भिंतींवर जातं, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी आणि स्थानिक परवानगी लागते. स्वतःच्या पायांवर उभा असलेला आणि दोन भिंतींना डोलू नये म्हणून अडकवलेला पलंगच तुमच्या खोलीला योग्य आहे. भिंतीला अडकवताना विटांच्या सांध्यात नव्हे, विटेच्या पोटात किंवा काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घ्यायला सांगा. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर साधे बोल्ट धरत नाहीत, पोकळ ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मागवा.